आप्पांना फ्लू झालाय, रात्री उठून म्हशी बांधायला निघतात. काय करावं?

मलप्रभाकाठ · रात्री ९:१०

आम्ही जांबोटीच्या बाजूला राहतो. वडील ७८ वर्षांचे. गणपतीला घरात मुंबई-पुण्याची पोरं जमली होती, त्यातल्या दोघांना सर्दीताप होता. ते गेले आणि आप्पांना ताप आला. आज तिसरा दिवस. ताप फार नाही, शंभरच्या आसपासच. परवापर्यंत घरचा हिशोब तेच बघायचे, पण काल अंधार पडल्यापासून वेगळंच सुरू झालंय. "म्हशी सुटल्यात, बांधाय जातो" म्हणून अंथरुणातून उठतात. म्हशी विकून बरीच वर्षं झाली. खुंटीवरच्या घोंगड्याकडे बघून "कोण उभा हाय तो?" म्हणतात. सकाळी जरा बरे होते, चहा पिताना मला नावानं हाक मारली. आता संध्याकाळपासून पुन्हा तेच.

मुख्य काळजी पडण्याची. मोरी परसात आहे, माजघराचा उंबरा ओलांडून तीन पायऱ्या उतराव्या लागतात. बाहेर पाऊस, फरशी ओली. काल रात्री उंबऱ्यापाशी अडखळले, बायकोनं दंड धरला म्हणून वाचले. गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणतात तापात वात झालाय, कुणी म्हणतंय बाहेरचं काहीतरी. रात्री त्यांना सांभाळायचं कसं, तेवढं सांगा.

तंबाखूपेठ_निपाणी · रात्री ९:२५

आमच्या आज्जाला असंच झालेलं. रात्री झोप झाली नाही की डोकं फिरतं. मेडिकलमधून झोपेची अर्धी गोळी आणा, शांत झोपतील. आणि हात कॉटला पंच्यानं सैलसर बांधून ठेवा, म्हणजे उठून जाणार नाहीत. पाणी भरपूर पाजा, तापात पाणी कमी पडतं.

कंग्राळी_खुर्द · रात्री ९:३१

माझ्या आईलाही विसर पडतो हो. चार वर्षांपासून. नातवंडांची नावं आठवत नाहीत, दूध दोनदा तापवते. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, गोळी सुरू आहे. तुम्हीही मेमरीचे डॉक्टर गाठा. बेळगावात आहेत.

सिस्टर_टिळकवाडी · रात्री ९:४४

कंग्राळीकर, तुमच्या आईंचं दुखणं वेगळं. ते हळूहळू, वर्षावर्षानं आलं. इथं परवापर्यंत हिशोब बघणारा माणूस एका संध्याकाळीत बदललाय, आणि सकाळी थोडा ताळ्यावर येऊन रात्री पुन्हा बिघडतोय. हे वय नव्हे आणि बाहेरचंही काही नव्हे. अंगात काहीतरी बिनसलंय आणि मेंदू ते असं दाखवतोय. वॉर्डात याला डिलिरियम म्हणतात. मी मेडिसिन वॉर्डात आयुष्य काढलं, फ्लूच्या दिवसांत दर आठवड्याला असा एखादा आजोबा यायचाच.

निपाणीकर, झोपेची गोळी देऊ नका आणि हात तर अजिबात बांधू नका. का, ते नंतर सांगते. आधी मलप्रभाकाठ, मला ही उत्तरं द्या:
आज लघवी किती वेळा आणि किती झाली? शौचाला कधी झालं? रोजच्या गोळ्या कोणत्या, आणि या तीन दिवसांत नवं काय सुरू केलं, मेडिकलमधून आणलेलंही धरून? ऑक्सिमीटर असेल तर आकडा. शुगर असेल किंवा नसेल, तरी एकदा बघा. दारू, तपकीर, तंबाखू यांतलं काही अचानक बंद झालंय का? पडून डोकं आपटलंय का?

आणि त्यांना रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा. तारीख विचारू नका, शेतकऱ्याला तारखेचं काय! गणपती गेले की यायचेत, ते विचारा.

मलप्रभाकाठ · रात्री १०:०५

सिस्टर, उलटे वार "रविवार, शनिवार..." म्हणून थांबले आणि मग छताकडे बघत बसले. गणपती अजून यायचेत म्हणाले. ऑक्सिजन ९५. शेजारच्यांच्या मशीनवर शुगर १३२. डोकं आपटलेलं नाही. दारू नाही, तंबाखू कधीच सोडली.

लघवीला मात्र दर अर्ध्या तासाला उठतात आणि थेंब थेंबच होते. म्हणूनच तर सारखे मोरीकडे पळतात. शौचाला परवापासून नाही. खाणं म्हणजे दोन घास पेज.

गोळ्या: बीपीची एक, पाकिटावर टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड लिहिलंय. मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली, दिवसातून तीनदा. खोकल्याचं औषध, तेही तीनदा. शिवाय तापासाठी पॅरासिटामॉल ६५०.

औषधवाला_चिक्कोडी · रात्री १०:१८

सर्दीच्या गोळीच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत क्लोरफेनिरामाइन आहे का बघा. खोकल्याच्या बाटलीवरही बघा.

मलप्रभाकाठ · रात्री १०:२२

दोन्हीवर आहे. गोळीत पॅरासिटामॉल आणि फेनिलेफ्रिन पण आहे.

औषधवाला_चिक्कोडी · रात्री १०:३०

मग आज रात्रीपासून दोन्ही बंद. मी स्वतः दुकानात बसतो, म्हणून सांगतो. तरुण माणसाला या औषधानं नाक सुकतं आणि गुंगी येते, एवढंच. म्हाताऱ्याला त्यानंच भ्रम होतो, तोंड कोरडं पडतं, पोट अडतं, आणि प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी कोंडते. तुम्ही एकच औषध दोन नावांनी दिवसातून सहा वेळा दिलंत. फेनिलेफ्रिनही लघवीची वाट आवळतं. पॅरासिटामॉलही सर्दीच्या गोळीत एक आणि वेगळं एक असं दुप्पट जातंय. गिऱ्हाईक "सर्दीचं काहीतरी द्या" म्हणतं आणि आम्ही देतो. घरात कोण म्हातारं आहे ते कुणी सांगत नाही, आम्हीही विचारत नाही.

सिस्टर_टिळकवाडी · रात्री १०:३४

चिक्कोडीकरांनी नेमकं सांगितलं. मलप्रभाकाठ, आता एक करा. आप्पांना उताणं झोपवून बेंबीखाली हात ठेवा. तिथं घट्ट फुगवटा लागतोय का, दाबलं की कळवळतात का?

मलप्रभाकाठ · रात्री १०:४१

होय, लागतोय. दाबलं तर हात झटकतात.

सिस्टर_टिळकवाडी · रात्री १०:४६

मग सकाळपर्यंत थांबू नका. लघवी होत नाही असं नाही, मूत्राशय भरून वरचे थेंब सांडतायत. त्या त्रासानंच माणूस उठतो आणि उठला की पडतो. गाडी मिळत नसेल तर १०८ लावा. सगळी पाकिटं आणि बाटली पिशवीत टाकून न्या. चष्मा, कवळी, कानाचं मशीन असेल तर तेही न्या. तिथं दोन गोष्टी नक्की सांगा: "हा भ्रम कालपासूनचा आहे, आधी ते ठणठणीत होते" आणि "बीपीच्या गोळीत लघवीचं औषध आहे, सोडियम बघा."

आणि तुम्ही स्वतः जवळ उभे राहा. आप्पांना कन्नड कितपत येतं? ड्युटीवरचं पोरगं कन्नडमध्ये वार विचारेल, आप्पा गप्प बसतील, आणि कागदावर भलतंच लिहिलं जाईल. प्रश्न तुम्ही आपल्या भाषेत विचारा.

मलप्रभाकाठ · रात्री १०:५०

बाजारापुरतं येतं. निघतोय. चुलतभावाची गाडी आहे.

बोरगाव_अक्का · दुसऱ्या दिवशी सकाळी ७:१५

रात्रभर धागा उघडून बघत होते. आप्पा कसे आहेत?

यावरून आठवलं म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई फ्लूत उठल्या नाहीत, बडबडल्या नाहीत, काहीच नाही. नुसत्या पडून. हाक मारली की डोळे उघडायच्या, पुन्हा मिटायच्या. आम्हाला वाटलं थकल्यात, झोपू दे. सून म्हणून मला तर बरंच वाटलं की त्रास नाही. दोन दिवसांनी दवाखान्यात नेलं तर न्यूमोनिया निघाला.

सिस्टर_टिळकवाडी · सकाळी ८:०२

अक्का, तेही डिलिरियमच होतं, आणि तेच जास्त निसटतं. ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात, गप्प पडलेल्याला "झोपलाय" म्हणतात. जेवायला उठवलं तरी घास तोंडात तसाच राहतोय, बोलताना अर्ध्यातच पापण्या मिटतायत, असं असेल तर ती विश्रांती नव्हे. म्हाताऱ्यांत ताप तर कधीकधी चढतच नाही, फ्लूची पहिली खूण हीच असते.

मलप्रभाकाठ · दुपारी १:२०

सगळ्यांचे आभार. बेळगावातल्या एका हॉस्पिटलात आहोत. नळी घातली तेव्हा ८०० मिली लघवी निघाली. आप्पा पाचेक मिनिटांत शांत झाले, मी थक्कच झालो. सोडियम कमी आलंय, १२४. छातीचा फोटो ठीक. नाकातला नमुना घेतला, फ्लू ए निघाला. पाच दिवसांच्या कॅप्सूल सुरू केल्यात, किडनीचा रिपोर्ट बघून डोस ठरवला म्हणाले. बीपीची गोळी सध्या थांबवलीय.

एक विचारायचं होतं. सोडियम म्हणजे मीठच ना? मग सलाइनमधून पटकन भरून का काढत नाहीत? हळूहळूच करू म्हणतात.

तंबाखूपेठ_निपाणी · दुपारी १:४५

बघा, मी म्हटलं होतं पाणी कमी पडलं असेल.

सिस्टर_टिळकवाडी · दुपारी २:१०

निपाणीकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. तापात पाणी कमी पडतं हे खरं. पण जेवण नाही, वरून लघवीवाटे मीठ घालवणारी बीपीची गोळी चालू, अशात नुसतं साधं पाणी तांब्या-तांब्यानं पाजलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. पेज, ताक, आमटीचं पाणी, ओआरएस, असं थोडं थोडं द्यावं. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांनीच ठरवावं.

मलप्रभाकाठ, हळू करतात ते बरोबर आहे. मेंदूला खाली गेलेल्या सोडियमची सवय झालेली असते. ते भराभर वर नेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून दर काही तासांनी रक्त तपासत राहतात. घरी मीठ चाटवून हे होत नाही.

नळी कधी काढणार ते रोज विचारत राहा. नळीनंच माणूस बेचैन होतो, ओढतो, तिच्यात पाय अडकून पडतो.

मलप्रभाकाठ · तीन दिवसांनी, संध्याकाळी ५:३०

आज घरी आलो. सोडियम १३३. नळी काढली, लघवी नीट होतेय. प्रोस्टेटची गोळी सुरू केलीय. बोलणं बरंच ताळ्यावर आहे, पण संध्याकाळी पाच-सहानंतर अजून गोंधळतात. आता रात्रीचं सांगा, सिस्टर. मूळ प्रश्न तोच होता माझा.

सिस्टर_टिळकवाडी · संध्याकाळी ६:१५

आजची रात्र आणि पुढचे काही दिवस, भ्रम उतरत असताना, पडण्याचा धोका मोठा. अंगात ताकद नाही, पण उठायची उमेद आलेली असते.

पडणं बहुतेक वेळा लघवीच्या वाटेवर होतं. म्हणून परसातली मोरी रात्री बंद. कॉटशेजारी कमोडची खुर्ची ठेवा, आणि युरिन पॉट हाताशी. खुर्चीचे पाय हलत नाहीत ना, ते स्वतः बसून बघा. कमोड संध्याकाळीच एकदा आप्पांना दाखवा, त्यावर बसवा, नाहीतर रात्री ते त्याला ओलांडून मोरीकडेच जातील. पन्नास वर्षांची वाट पायांना पाठ असते. झोपायच्या आधी लघवीला बसवा. पहिल्या दोन रात्री ते किती वाजता उठतात ते कागदावर लिहा. एक आणि चार निघालं, तर पुढं पावणेएकला आणि पावणेचारला तुम्हीच हळू हाक मारून बसवा. गाढ झोपले असतील तर उठवू नका, झोपही औषधच आहे. पाणी, ताक दिवसा जास्त द्या, संध्याकाळनंतर घोट-घोट.

उठवताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून बसवा, आणि मिनिट-दोन मिनिटं बसू द्या. चक्कर येतेय का विचारा, मगच उभं करा. पडून राहिलेल्या माणसाचं बीपी उभं राहताच खाली येतं. धोतर किंवा लांब लुंगी नको, घोट्याच्या वर राहील असा पायजमा द्या. नुसते मोजे शहाबादी फरशीवर घसरतात. अनवाणी किंवा मागून पट्टा असलेली रबरी चप्पल, यांतलं काही एक.

मलप्रभाकाठ · संध्याकाळी ६:४०

मी त्यांची गादी जमिनीवरच घालणार होतो. खाली झोपले तर पडतील कुठून?

फिजिओ_अनगोळ · संध्याकाळी ७:०५

गादीवरून पडणार नाहीत, पण गादीवरून उठताना पडतील. ७८ वर्षांचे गुडघे जमिनीवरून उठताना आधी ओणवे होतात, मग भिंत शोधतात. कॉटची उंची अशी हवी की काठावर बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. कॉटची एक बाजू भिंतीला लावा. उठायची बाजू कमोडकडे.

सिस्टर_टिळकवाडी · संध्याकाळी ७:२०

मला इथं थोडं वेगळं वाटतं. ज्याला उभंच राहता येत नाही आणि जो झोपेत लोळून खाली येतो, त्याला जमिनीवरची गादी बरी. आप्पा चालतात, त्यामुळे त्यांच्यासाठी अनगोळकरांचं पटतं. मात्र कॉटखाली दुसरी गादी पसरू नका. मऊ गादीवर पाऊल पडलं की तोल जातो.

फिजिओ_अनगोळ · संध्याकाळी ७:२६

चालणाऱ्यालाही भ्रम जोरात असताना मी एक-दोन घरी जमिनीवर झोपवलंय, सोबत दोन माणसं होती म्हणून. घर बघून ठरवायचं.

तंबाखूपेठ_निपाणी · संध्याकाळी ७:३४

मग कॉटला लोखंडी कठडा लावा की. आणि बांधायचं का नाही ते सिस्टर सांगणार होत्या.

सिस्टर_टिळकवाडी · संध्याकाळी ७:५०

विसरले नाही. भ्रमातल्या माणसाला कठडा म्हणजे कुंपण वाटतं. तो त्यावरून चढतो आणि कॉटच्या उंचीवरून पडायचा तो कठड्याच्या उंचीवरून पडतो. हात बांधले की त्याला वाटतं आपल्याला कुणीतरी पकडलंय, झटापट करतो, मनगटं सोलून घेतो, आणि भ्रम वाढतो. झोपेच्या गोळीनं झोप लागते खरी, पण रात्री दोनला अर्ध्या गुंगीत उठतो तेव्हा पायात जीव नसतो. मात्र जे आधीपासून रोज झोपेची गोळी किंवा दारू घेतात, त्यांचं एका दिवसात बंद करणं हेही धोक्याचं आहे, त्यानंच भ्रम होतो. तेव्हा डॉक्टरांना विचारून कमी करायचं.

बांधण्याऐवजी जवळ माणूस. तुम्ही आणि तुमची बायको रात्र वाटून घ्या, दहा ते दोन एक, दोन ते सहा दुसरं. अंथरूण त्यांच्या उठायच्या बाजूला, कमोडची वाट सोडून.

बोरगाव_अक्का · रात्री ८:०५

आम्ही सासूबाईंच्या चादरीच्या कडेला बैलाच्या गळ्यातलं जुनं घुंगरू शिवलं होतं. चादर सरली की वाजायचं आणि मला जाग यायची. मच्छरदाणी मात्र काढून टाकली. एकदा तिच्यात पाय गुरफटून त्या तोंडावर आपटता आपटता राहिल्या. डासांसाठी खिडकीला जाळी ठोकली.

सिस्टर_टिळकवाडी · रात्री ८:१२

घुंगराची कल्पना छान आहे अक्का. वॉर्डात आम्हाला सुचली नाही.

मलप्रभाकाठ, ते खुंटीवरचं घोंगडं काढलंत का? गणपतीच्या लाइटच्या माळा अजून लागल्या असतील तर त्याही काढा. लुकलुकत्या उजेडात सावल्या हलतात आणि भ्रमातल्या डोळ्यांना त्यात माणसं दिसतात. एक मंद दिवा जमिनीलगत, वाटेवर पडेल असा. तुमच्याकडे पावसात लाइट जातेच, तेव्हा लाइट गेली की आपोआप लागणारा चार्जिंगचा दिवा ठेवा. अंधारात चाचपडण्यापेक्षा ते बरं.

आणि म्हशी सुटल्या म्हणाले तर "कुठल्या म्हशी, विकल्या की!" असं भांडू नका. "मी बघून आलो, सगळं ठीक आहे, तुम्ही बसा" म्हणा, पाणी द्या, लघवीला लागलीय का विचारा. बरेचदा म्हशींच्या मागं लघवीच असते.

मलप्रभाकाठ · रात्री ८:३०

पण हे खोटं बोलणं झालं ना? बायकोला पटत नाही. ती म्हणते खरं सांगितलं तरच भानावर येतील.

सिस्टर_टिळकवाडी · रात्री ८:४१

दिवसा भान असताना खरं जरूर सांगा. "आप्पा, गणपती झाले, तुम्हाला ताप आला होता, आपण घरी आहोत." खिडकीपाशी उजेडात बसवा, चष्मा लावा, पाहुण्यांची गर्दी नको. रात्री तीनला भांडून कुणी भानावर आलेलं मी पाहिलं नाही. वहिनींचं चुकतंय असंही म्हणणार नाही. काही जण हळू आवाजात खरं सांगितलं की शांत होतात. एकदा बघा, चिडले तर सोडून द्या.

कंग्राळी_खुर्द · रात्री ९:००

समजा एवढं करूनही पडलेच तर? आई मागं एकदा पडली तेव्हा आम्ही दोघांनी काखेत हात घालून पटकन उचललं.

फिजिओ_अनगोळ · रात्री ९:१४

पटकन उचलू नका. आहे तिथं राहू द्या, अंगावर पांघरूण टाका, कुठं दुखतंय विचारा. एक पाय आखूड दिसतोय किंवा बाहेरच्या बाजूला वळलाय, जांघेत दुखतंय, पाय हलवता येत नाही, तर खुब्याचं हाड मोडलं असं धरून १०८. काहीच नसेल तर कुशीवर, मग गुडघ्यांवर, समोर पक्की खुर्ची ठेवून तिच्या आधारानं त्यांनाच उठू द्या, तुम्ही फक्त साथ द्या. काखेत धरून ओढलं की खांदा जातो, तुमची पाठही.

औषधवाला_चिक्कोडी · रात्री ९:२०

डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर वरून टेंगूळ नसलं तरी लगेच दाखवा. गोळी नसली तरी पुढचे काही आठवडे डोकेदुखी, गुंगी किंवा पुन्हा भ्रम सुरू झाला तर पडल्याचं डॉक्टरांना आठवणीनं सांगा. रक्त आत हळूहळू साचू शकतं.

मलप्रभाकाठ · पंधरा-वीस दिवसांनी

आप्पा पडले नाहीत. रात्री कमोडवर एकटे जायचा हट्ट करतात, आम्ही मागे उभे राहतो. बीपीची गोळी बदलून दिलीय, लघवीच्या औषधाशिवायची. सोडियम १३७.

पण पूर्वीसारखे झालेत असं म्हणवत नाही. दिवसा बाजारभाव विचारतात, हिशोब करतात. कधी संध्याकाळी मात्र मला माझ्या काकाच्या नावानं हाक मारतात. हे असंच राहणार का?

सिस्टर_टिळकवाडी · त्याच रात्री

भ्रम उतरायला कुणाला आठवडे, कुणाला महिने लागतात. काहींच्या बाबतीत आधीपासून सुरू असलेला थोडा विसरभोळेपणा अशा दुखण्यात उघडा पडतो. आत्ता मेमरीची तपासणी केली तर काही कळणार नाही. दोन-तीन महिन्यांनीही संध्याकाळचं तसंच राहिलं तर तपासून घ्या. तेव्हा कंग्राळीकरांचा सल्ला उपयोगी पडेल. मधेच अचानक पुन्हा बिघडले तर मात्र वाट बघायची नाही, पुन्हा लघवी, शौच, ताप, नवी गोळी, सोडियम, सगळं पहिल्यापासून.

बोरगाव_अक्का · त्याच रात्री

सिस्टर, फ्लूची लस आता घेतली तर चालते का? झाला की पुन्हा होत नाही म्हणतात.

सिस्टर_टिळकवाडी · त्याच रात्री

पुन्हा होतो अक्का, विषाणू दरवर्षी रूप बदलतो. म्हणून लसही दरवर्षीची. ताप जाऊन नीट बरे झाले की डॉक्टरांना विचारून देता येते. आप्पांच्या घरातल्या सगळ्यांनीही घ्यावी, मुंबई-पुण्याच्या पोरांनी तर गणपतीला यायच्या आधीच.

तंबाखूपेठ_निपाणी · त्याच रात्री

कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते का बेळगावात? आज्जा पुन्हा आजारी आहे, ताप आहे आणि कालपासून गप्प गप्प आहे.

सिस्टर_टिळकवाडी · त्याच रात्री

खुर्चीचं नंतर बघू. आत्ता आज्जांना हाक मारून उलटे वार विचारा, आणि शेवटची लघवी कधी झाली ते इथं लिहा.